परवाना एका पीसीचा, बसणारे पाच

प्रश्न: इचलकरंजीत आमचं सुताच्या दलालीचं ऑफिस आहे. विंडोज ११ प्रोचा एकच पीसी. पाच जण घरच्या लॅपटॉपवरून एकाच वेळी रिमोटने त्यात काम करतात. त्यासाठी संगणकवाल्याने काहीतरी टाकून दिलंय. विंडोजचं पक्कं बिल आहे. आता परवान्यांची माहिती मागणारं वकिलाचं पत्र आलंय. आम्ही गुन्हा केलाय का?

उत्तर: बिलावरून विंडोज अस्सल आहे एवढंच सिद्ध होतं. ते कसं वापरायचं हे परवान्याच्या करारात असतं, आणि तुमची अडचण तिथे आहे. प्रो आवृत्तीत रिमोटने एका वेळी एकच जण काम करू शकतो. दुसरा शिरला की पहिल्याला बाहेर पडावं लागतं. ही मर्यादा तुमच्या संगणकवाल्याने मोडली आहे. खात्री करायची तर सगळे कामात असताना त्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्या:

```
query user
```

एकापेक्षा जास्त नावांपुढे `Active` दिसलं, तर मर्यादा मोडलेली आहे.

पाळीपाळीने वापरलं तरी सुटका नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. करारानुसार त्या पीसीवर प्रत्यक्ष बसणाऱ्या एकाच व्यक्तीला दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून रिमोटची मुभा आहे, आणि ही व्यक्ती ९० दिवसांतून एकदाच बदलता येते. बाकीच्यांच्या लॅपटॉपवर त्याच किंवा वरच्या आवृत्तीचा स्वतंत्र परवाना हवा. घरगुती लॅपटॉपवर बहुधा होम आवृत्ती असते. ती चालत नाही.

गुन्ह्याचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल आहे. त्यात सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. तुमची प्रत अस्सल असल्याने हे कलम लावण्याला तुम्ही विरोध करू शकता. पण तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल कलम ६५अ आहे, त्यामुळे निर्धास्त राहू नका. मला हा मुख्यतः करारभंगाचा, दिवाणी मामला वाटतो.

एकत्रित वापर आजच थांबवा, पण पीसी फॉरमॅट करू नका. पत्रानंतर पुरावा पुसला असं दिसलं, की साधं प्रकरणही अंगाशी येतं. संगणकवाल्याचं बिल आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप जपा. तुम्हाला कल्पना नव्हती हे त्यातूनच दिसेल. उत्तर वकिलामार्फत द्या, आणि फोनवर काही कबूल करू नका.

पुढे पाचही जणांना एकाच यंत्रावर बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर घ्या. त्यासोबत प्रत्येकासाठी दोन परवाने लागतात: सर्व्हर वापरण्याचा एक, रिमोट डेस्कटॉपचा दुसरा. दुसरा नसला तरी सर्व्हर १२० दिवस मुकाट्याने चालतो, आणि "झालं काम" म्हणून संगणकवाला निघून जातो. ऑफिसातल्या सगळ्यांची खाती एकाच जागेवरून सांभाळणारं डोमेन नसेल, तर हा दुसरा परवाना माणसागणिक न घेता यंत्रागणिक घ्या. माणसागणिक घेतला तर सर्व्हर २०१९ पासून दर तासाला जोडणी तुटते. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका वापरकर्त्याचं असेल, तर त्याचा परवानाही वेगळा वाढवावा लागेल.