किती बुडाले, हे आधी विचारू नकोस

प्रिय मुली,

काल फोनवर तू म्हणालीस, "नवरा अडीच लाख गेले म्हणतो, शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये." हा आकडा लिहून ठेव, पण तो शेवटचा आहे असं धरू नकोस. पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. लाजेपोटी माणूस आधी निम्मंच सांगतो. त्यात तुला फसवायचा हेतू असतोच असं नाही.

म्हणून "किती बुडाले?" असं नको, "कुणाकुणाचं देणं आहे आणि हप्ता कधीचा?" असं विचार. पहिल्या प्रश्नात माणूस आरोपी होतो. दुसऱ्याचं उत्तर देताना तो तुझ्या शेजारी बसून हिशेब करतो.

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर बसा. रात्री नको. तीन कागद त्यालाच काढू दे: वर्षभराचं बँक स्टेटमेंट, ब्रोकरच्या ॲपमधलं लेजर आणि क्रेडिट रिपोर्ट. लेजरमध्ये पैसे कधी भरले, कधी काढले ते दिसतं. रिपोर्टात कर्जं दिसतात, बहुतेक कर्ज देणाऱ्या ॲपवरचीसुद्धा. मित्रांकडून, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने मात्र कुठल्याच कागदावर नसतात. ते तोंडानंच विचारावे लागतात.

आमच्याकडे एक जोडपं आलं होतं. त्यानं 2 लाख 40 हजार सांगितले होते, ती मोडलेली एफडी. कागद काढल्यावर 3 लाखांचं पर्सनल लोन, ॲपचे 60 हजार आणि भावाचे 80 हजार निघाले. एकूण 6 लाख 80 हजार. तिनं घाबरून दागिने मोडले आणि आठवड्यात सगळं फेडलं. चार महिन्यांनी तो पुन्हा तिथंच. हात मोकळा झाला की "एकदाच, गेलेले वसूल करू" हा विचार उसळतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अहवालात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनचे, म्हणजे एफ-अँड-ओचे, व्यवहार करणाऱ्या 100 पैकी 93 जणांचं नुकसान झालं होतं. तो एकटाच मूर्ख नाही, आणि वसूल होईल ही आशाही खरी नाही.

दुसऱ्या वेळी तिनं वेगळं केलं. महागड्या व्याजाची ॲपची कर्जं आधी फेडली. पर्सनल लोनचा सव्वादहा हजारांचा हप्ता त्याच्या पगारातून जाऊ दिला. ब्रोकरच्या ॲपमधला एफ-अँड-ओ विभाग त्यानं स्वतः बंद केला. पगाराच्या खात्यातून घरखर्च पहिल्याच दिवशी तिच्या खात्यात जाऊ लागला. नव्या कर्जावर सही किंवा जामीन मात्र तू देऊ नकोस, कितीही गळ घातली तरी.

तो जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर हिशेब बाजूला ठेव, त्याला एकटं सोडू नकोस आणि 14416 वर, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, लगेच फोन लाव.

कर्जांची नोंद ठेवून हे क्रेडिट रिपोर्ट देणारे चार क्रेडिट ब्युरो देशात आहेत. प्रत्येकाकडून वर्षातून एक रिपोर्ट फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकाकडून मागवा, दोघांनी मिळून वाचा. पहिला याच रविवारी.

तुझी,
ताई