फ्रेममधलं चित्र बदलल्यावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं, त्याबद्दल

प्रश्न : Photoshop मध्ये, भिंतीच्या फोटोतल्या फ्रेममध्ये जुनं चित्र काढून नवं बसवलंय. Distort ने चारही कोपरे जुळवले, तरी चित्र ताणल्यासारखं आणि वरून चिकटवल्यासारखं दिसतं. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब होतं. तो भाग कॉपी करून Screen मध्ये वर ठेवला, तर जुन्या चित्रातली झाडंही उमटतात. कुठे चुकतंय?

उत्तर : ताणल्यासारखं दिसतंय ते बहुतेक कोपऱ्यांमुळे नाही, चित्र बसवण्याआधी ज्या मापात कापलं त्यामुळे. मी अलीकडेच केलेल्या एका फाइलचे आकडे देतो, म्हणजे नीट कळेल. फोटो डावीकडून, तिरका काढलेला होता. फ्रेमच्या आतल्या मोकळ्या जागेची डावी कड ६२० पिक्सेल उंच, उजवी ५४० आणि रुंदी ६०० भरली. हे बघून कोणालाही वाटेल की जागा जवळपास चौकोनी आहे, आणि तो नवं चित्र चौकोनी कापून टाकेल. प्रत्यक्षात ती जागा ४० बाय ३० सेंटिमीटरची होती. तिरकं बघितल्यामुळे रुंदी आक्रसली होती, एवढंच. म्हणून पडद्यावर मोजून प्रमाण ठरवू नका. खरं माप विचारा, किंवा जुन्या चित्राची मूळ फाइल मिळाली तर तिचं प्रमाण घ्या. मी १६०० बाय १२०० ची फाइल केली, चित्र त्यात बसवलं, Convert to Smart Object केलं आणि मग Edit > Transform > Distort ने कोपऱ्यांवर नेलं.

बरोबर बसलं का, ते तपासायला जागेचे दोन्ही कर्ण आखा. चित्राचा मध्यबिंदू त्यांच्या छेदावरच पडायला हवा. माझ्या फाइलमध्ये हा छेद डाव्या कडेपासून ३२१ पिक्सेलवर येत होता, रुंदीच्या निम्म्यावर म्हणजे ३०० वर नाही. जवळची बाजू जास्त जागा खाते, त्यामुळे मध्य लांबच्या बाजूकडे सरकतो. Skew किंवा Warp ने ओढूनताणून बसवलेल्या चित्रात हे एकवीस पिक्सेल हमखास चुकतात. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता काच. प्रतिबिंब म्हणजे चित्रावर बसलेला पांढुरका थर नव्हे. चित्राकडून येणाऱ्या उजेडात खिडकीकडून आलेला उजेड मिसळतो, ती बेरीज असते. म्हणून जुन्या चित्राचा जो भाग काळा होता तिथेच प्रतिबिंब शुद्ध दिसतं, आणि जिथे आकाश होतं तिथे जवळजवळ बुडून जातं. तुमच्या कॉपीत झाडं आली, कारण तुम्ही बेरीज उचललीत. त्यातून चित्र वजा केलंच नाही.

वजाबाकी करण्याआधी उजळपणाचे दोन आकडे टिपून ठेवा, शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. माझ्याकडे जुन्या चित्रातलं सगळ्यात गडद खोड, प्रतिबिंबापासून दूर असलेलं, ४२ वाचत होतं आणि पांढरं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, २०५ च्या आसपास. म्हणजे त्या काचेमागे काळा रंग ४२ च्या खाली जात नाही आणि पांढरा माउंटपेक्षा उजळ होऊ शकत नाही. नव्या चित्राचे काळे शून्य आणि पांढरे २५५ तसेच राहिले, तर तेच स्टिकर दिसतं. चित्राच्या लेयरला Curves क्लिप करा, खालचं टोक ४२ वर उचला, वरचं २०५ वर आणा. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे केलेत तर घरातल्या दिव्याचा पिवळेपणाही आपोआप येतो.

प्रतिबिंबाच्या लेयरमध्ये मात्र हा ४२ पुन्हा येऊ देऊ नका. Levels मध्ये काळं टोक ४२ वर ओढून तिथे शून्य करा, नाहीतर धूसरपणा दोनदा मोजला जातो आणि सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं होतं.

राहिली झाडं. जुन्या चित्राची फाइल असेल तर तीच Distort आणि Curves लावून वजा करता येते, पण पिक्सेलला पिक्सेल कधीच जुळत नाही, कडांवर भुतं राहतात. मी सरळ खिडकी नव्यानं काढतो. गडद भागात तिच्या ज्या कडा स्पष्ट दिसतात त्या Pen ने धरायच्या, तशाच पुढे वाढवायच्या आणि आकार करड्या रंगानं भरायचा. हे काम चित्राच्या Smart Object च्या आत करू नका. प्रतिबिंब कागदावर नसतं. खिडकी जणू भिंतीच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर उभी असते, त्यामुळे तिच्या रेषा फ्रेमच्या रेषांना समांतर असतीलच असं नाही.

याच कारणानं ती थोडी अस्पष्टही असते, कारण कॅमेऱ्याचा फोकस फ्रेमवर असतो. माझ्या फोटोत चित्राची कड दोनतीन पिक्सेलमध्ये बदलत होती आणि खिडकीची सातआठ घेत होती. तेवढी मऊ होईपर्यंत Gaussian Blur द्या.

किती उजळ करायचं? जुन्या खोडावर खिडकीचा पट्टा ११८ वाचत होता. म्हणजे नव्या चित्राच्या काळ्या भागावरही तो ११८ यायला हवा. Screen मध्ये त्यासाठी लेयरचा करडा ९१ लागला. ११८ वजा ४२ म्हणून ७६ धरला असता तर १०५ वरच अडकलो असतो. Linear Dodge (Add) नाव ऐकून बेरजेसाठी हाच मोड असं वाटतं, काळ्यावर तो बरोबर बसतोही. पण २०५ च्या पांढऱ्यावर तो २५५ ला जाऊन फुटतो. उजेडाचा खरा हिशेब केला तर तिथे २२७ च्या आसपास यायला हवं, आणि Screen २२३ देतो. म्हणून इथे Screen च. खिडकीचा एखादा भाग मूळ फोटोतच फुटून २५५ झाला असेल, तर तिथे मास्क करून मूळ पिक्सेल तसेच ठेवा. त्याच्या मागचं चित्र दिसलंच नसतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात : माउंटसुद्धा काचेच्या आतच असतं. खिडकीची कड माउंटवरून चित्रावर न तुटता गेली पाहिजे. पांढऱ्या माउंटवर ती अगदी फिकी असते, तरी मोठं करून शोधा आणि तुमची नवी रेष तिच्याशी जोडा. दोन पिक्सेलचा खटका बसला तरी काच संपल्यासारखी दिसते.

शेवटी माउंटची सावली. त्याच्या जाडीमुळे वरच्या आणि दिव्याकडच्या कडेला चित्रावर तीनचार पिक्सेलची गडद पट्टी पडते. तुमचं नवं चित्र तिच्यावर बसलंय, म्हणून ती गेली. जुन्या फोटोत तिची रुंदी बघा आणि Multiply मध्ये मऊ ब्रशनं परत द्या, चित्राच्या वर पण प्रतिबिंबाच्या खाली. चित्राला फोटोइतकाच ग्रेन दिला की २०० टक्क्यांवर नेऊन भिंत आणि चित्र शेजारीशेजारी बघा. तरीही चित्र भिंतीपेक्षा कोरंकरकरीत दिसलं तर Smart Object लाच अर्धा पिक्सेल ब्लर द्या, ग्रेनला नको.