‘शकतो’, ‘करावं’ आणि ‘केलंच पाहिजे’: ब्लीचच्या सूचनेत खात्री आणि सक्ती वेगळी कशी ठेवायची

प्रश्न: “साफसफाईच्या रसायनांचं इंग्रजी सुरक्षापत्रक मी कर्मचाऱ्यांसाठी मराठीत लिहितोय. ‘मे’ला ‘शकतो’, ‘शुड’ला ‘करावे’ आणि ‘मस्ट’ला ‘पाहिजे’ असं लावलंय. साहेब म्हणतात, सगळीकडे ‘च’ लावून ठोस लिही, नाहीतर लोक ऐकत नाहीत. काय करू?”

साहेबांचा हेतू चांगलाच आहे. पण तो ठोसपणा चुकीच्या जागी गेला तर सूचनाच खोटी होते. पत्रकातलं प्रत्येक वाक्य एक तर काय घडतं ते सांगतं, नाहीतर माणसाने काय करायचं ते सांगतं. पहिल्या प्रकारात प्रश्न खात्रीचा असतो आणि दुसऱ्यात सक्तीचा. घोळ होतो तो यामुळे की ‘मे’, ‘शुड’, ‘मस्ट’ हे तिन्ही शब्द दोन्ही कामं करतात, आणि आपले ‘शकतो’, ‘पाहिजे’ हेही तसेच. त्यामुळे शब्दाला शब्द लावायच्या आधी प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने ‘घडतं’ किंवा ‘करायचं’ असं लिहून टाका. मी अजूनही प्रत्येक पत्रकाला हेच आधी करते.

आता ब्लीचचंच उदाहरण घेऊ, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. युरोपीय संघाच्या लेबलांच्या नियमांत याच्याशी संबंधित दोन ठरावीक वाक्यं आहेत. EUH031 सांगतं की आम्लाशी संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो. EUH206 सांगतं की इतर उत्पादनांबरोबर वापरू नका, घातक वायू सुटू शकतात. पहिल्या वाक्यात ‘मे’ नाही, दुसऱ्यात आहे, आणि हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. आम्ल म्हटलं की समोर नेमकं काय आहे ते ठरलेलं असतं, आणि त्याच्याशी हायपोक्लोराइटचा संयोग झाला की क्लोरीन सुटतो. ‘इतर उत्पादनं’ म्हटलं की त्यात काहीही येतं. कशात अमोनिया असेल आणि क्लोरामाइन तयार होतील, तर कशात नुसता साबण असेल आणि काहीच होणार नाही. वाक्यात जितक्या गोष्टी कवेत घेतल्या, तितकी खात्री कमी झाली. इथला ‘शकतो’ म्हणजे लेखकाने अंग काढून घेणं नव्हे, तो खराखुरा मोजमापाचा शब्द आहे.

साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ‘ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळल्यास विषारी वायू सुटतोच’ असं लिहिलंत, तर काय होईल? तुमच्याकडच्या एखाद्या अनुभवी माणसाने कधीतरी ब्लीचमध्ये साधा साबण घातलेला असतो आणि त्याला काही झालेलं नसतं. तो ही सूचना वाचतो आणि मनात म्हणतो, हे लोक उगाच घाबरवतात. मग टॉयलेट साफ करायच्या आम्लाबद्दलचं वाक्यही तो त्याच हिशेबाने वाचतो, आणि ते मात्र शब्दशः खरं असतं. उलट चूकही मी खूप वेळा पाहिली आहे. सावधपणे लिहायच्या नादात आम्लाच्या वाक्यातही ‘वायू सुटू शकतो’ येतं. वाचणाऱ्याला वाटतं, कधी सुटतो, कधी नाही, थोडंसं बघायला हरकत नाही.

यातून साहेबांना देण्यासारखं उत्तर निघतं. मनाई पक्की करायला धोक्याचं वाक्य पक्कं करावं लागत नाही. ‘घातक वायू सुटू शकतो, म्हणून ब्लीच कशातही मिसळू नका’ या वाक्यात पहिला भाग जेवढा खरा आहे तेवढाच ठेवलाय आणि दुसऱ्यात तसूभरही सूट नाही. जोर द्यायचा तो ‘करायचं’ वाक्यांवर द्या. ‘घडतं’ वाक्यांना हात लावू नका.

‘घडतं’ वाक्यांत आणखी एक गोष्ट जपावी लागते. एखाद्या गोष्टीचा पुरावा कच्चा असणं वेगळं, आणि पुरावा पक्का असून ती प्रत्येकाच्या बाबतीत न घडणं वेगळं. रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात H350 आणि H351 अशी दोन वाक्यं आहेत. H350 म्हणतं, कर्करोग होऊ शकतो. H351 म्हणतं, कर्करोग होत असल्याचा संशय आहे. H350 वरच्या वर्गाचं आहे, आणि माणसांत कर्करोग होतो असं ठाऊक असलेले पदार्थसुद्धा त्यातच येतात. तरीही त्यात ‘मे’ आहे, कारण संपर्कात आलेल्या प्रत्येकालाच तो होतो असं नाही. H351 मध्ये संशय आहे तो पुराव्याबद्दल. दोन्हींना ‘कर्करोग होण्याची शक्यता आहे’ असं एकच मराठी वाक्य लावलं, तर दोन वर्ग एक होऊन जातात. आणि ‘कदाचित’ तर अशा ठिकाणी टाळाच. ‘कदाचित होईल’ ऐकताना आपल्याला ‘बहुतेक नाही होणार’ असं ऐकू येतं, आणि ते मूळ वाक्यात नाही.

आता ‘करायचं’ वाक्यं. ‘शकतो’ इथे सर्वांत जास्त फसवतो. ‘हवा खेळती झाल्यावर कर्मचारी मास्क काढू शकतात’ हे वाक्य कर्मचाऱ्याने वाचलं तर परवानगी आहे. पर्यवेक्षकाने वाचलं तर, ‘लक्ष ठेवा, काढतील’ असा इशाराही वाटू शकतो. म्हणून मी परवानगीला ‘मास्क काढायला परवानगी आहे’ किंवा ‘काढला तरी चालेल’ असं लिहिते, आणि ‘शकतो’ फक्त घडण्यासाठी राखून ठेवते. एका पत्रकात एका शब्दाला एकच काम दिलं की निम्मे प्रश्न सुटतात.

‘करावे’चं दुखणं वेगळं आहे. आपल्या सरकारी मराठीत ‘अर्ज सादर करावा’ हा सल्ला नसतो, अर्ज करावाच लागतो. घरात मात्र ‘थोडं चालावं रोज’ हा सल्लाच असतो. म्हणजे ‘शुड’ला नुसतं ‘करावे’ लावलं की निम्मे लोक हुकूम वाचतात आणि निम्मे सल्ला. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ साली RFC 2119 मध्ये या शब्दांच्या व्याख्या बांधून टाकल्या. तिथे ‘शुड’चा अर्थ असा की काही प्रसंगी ही गोष्ट न करण्याला रास्त कारण असू शकतं, पण परिणाम पूर्ण समजून, तोलूनच ती वगळायची. ही व्याख्या मला फार उपयोगी पडली, कारण तिच्यातून पुढचे प्रश्न आपोआप येतात: ते रास्त कारण कोणतं, आणि ते ठरवणार कोण? ही दोन उत्तरं वाक्यात आली की ‘करावे’चा गोंधळ उरत नाही. पातळ केलेलं ब्लीच ठेवल्यावर त्याची ताकद कमी होत जाते, म्हणून पत्रकात ‘द्रावण रोज ताजं करावं’ असं असतं. ते असं लिहा: ‘द्रावण रोज ताजं करा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं असेल तर आधी पर्यवेक्षकांना विचारा.’

सक्ती आहे की शिफारस, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट न करता काम चालू ठेवायला कोणी परवानगी देऊ शकतं का? कोणीच नाही, तर ती सक्ती. कोणी देऊ शकत असेल, तर ती शिफारस, आणि त्या माणसाचं पद वाक्यात आलं पाहिजे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ही रेघ अगदी स्वच्छ आहे. ‘मस्ट’ असलेला नियम मोडला तर तो गुन्हा असतो. ‘शुड’वाला नियम मोडणं एवढ्यानेच गुन्हा ठरत नाही, पण न्यायालयात तो तुमच्याविरुद्ध पुढे येऊ शकतो. तिथे सगळीकडे ‘मस्ट’ घातलं असतं, तर कायदा कुठे संपतो हे वाचणाऱ्याला कळलंच नसतं. तुमच्या पत्रकातही ‘च’ अशाच ठिकाणी राहू द्या जिथे न केल्यास काम थांबवलं जाईल.

‘पाहिजे’ आणि ‘हवा’बद्दल एक स्वतःचा अनुभव सांगते, कारण ती चूक माझी होती. एका पत्रकात मी लिहिलं होतं, ‘काम सुरू असताना पंखा चालू असायला हवा.’ मला म्हणायचं होतं, तो चालू करा. तिथल्या एका नव्या मुलाने अर्थ घेतला की पंखा चालूच असणार, कुणीतरी लावतंच. आपण ‘आता पोचला असायला हवा’ म्हणतो ना, तसा अंदाजाचा अर्थ. मूळ इंग्रजीतल्या ‘शुड’मध्येही हाच दुहेरीपणा होता आणि मी तो जसाच्या तसा उचलला होता. बंद खोलीत त्याचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला, आणि तो बाहेर पळाला म्हणून निभावलं. तेव्हापासून ‘अमुक असायला हवं’, ‘अमुक असलं पाहिजे’ अशी वाक्यं मी सूचनेत ठेवत नाही. करणारा माणूस आणि त्याची कृती लिहिते: ‘पंखा चालू करा. हवा बाहेर खेचली जातेय हे पाहूनच बाटली उघडा.’

नकारात आणखी जपा. इंग्रजीतला ‘मे नॉट’ मनाई सांगतो किंवा ‘कदाचित नाही’ हे सांगतो. ‘वास येणार नाही’ आणि ‘वास येईलच असं नाही’ यांत जिवाचा फरक आहे. धोक्याच्या पत्रकात जवळपास नेहमी यांतलं दुसरं वाक्यच म्हणायचं असतं. मनाईसाठी ‘मिसळू नका’ सर्वांत सरळ, आणि नियमावलीच्या भाषेत हवं असेल तर ‘मिसळता कामा नये’. ‘मिसळू शकत नाही’ लिहू नका. ते पाणी आणि तेलाबद्दलही म्हणता येतं.

तुमच्या पत्रकाचा ब्लीचचा भाग मी असा लिहीन:

‘ब्लीच आणि आम्ल असलेला क्लीनर कधीही एकत्र करू नका. एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. इतर कुठल्याही क्लीनरमध्येही ब्लीच मिसळू नका; घातक वायू सुटू शकतो. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं धरून चालू नका. बाटली उघडण्याआधी पंखा चालू करा आणि हातमोजे घाला. या दोन गोष्टींशिवाय काम सुरू करायला कुणालाही परवानगी नाही. द्रावण रोज ताजं करा. उरलेलं वापरायचं असेल तर आधी पर्यवेक्षकांना विचारा. कपड्यावर उडाल्यास रंग जाऊ शकतो.’

यात ‘च’ एकदाही आलेला नाही, तरी कुठे सूट नाही हे वाचणाऱ्याला कळतं. साहेबांना हेच दाखवा.

राहिली ती मूळ इंग्रजीतच संदिग्ध असलेली वाक्यं. ती तुम्ही स्वतः ठरवू नका. हातमोज्यांबद्दल मूळ पत्रकात ‘शुड’ असेल, तर मी वर केलेली सक्ती तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्या, कारण तो अर्थाचा बदल आहे, अनुवादाचा नाही. विचारताना ‘इथे शुड म्हणजे काय’ असं विचारलं तर ‘करावे’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘एखाद्याने हातमोजे घातले नाहीत, तर मी त्याचं काम थांबवायचं का?’