चुरगळलेलं बिल खालून वर वाचा

*हॉटेलच्या बिलाचा फोटो टाकलाय, कागद पार चुरगळलाय. दाल तडका २_० एवढंच दिसतंय, सबटोटल घडीत गेलंय. टोटल १९४०. टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज बरोबर लावलाय का?*

आधी एक सांगतो, खरं बिल हातात असेल तर इस्त्री फिरवू नका, थर्मल पेपर आहे, काळा पडेल. जाड पुस्तकाखाली ठेवा.

आता वरून बेरीज करायच्या ऐवजी खालून सुरू करा. फोटोत सीजीएसटी ४६.२० आणि एसजीएसटी ४६.२० हे दोन्ही स्वच्छ दिसतायत. साध्या रेस्टॉरंटला दोन्ही २.५ टक्के, म्हणून एकाला सरळ ४० ने गुणायचं, ज्या रकमेवर टॅक्स लावला ती मिळते. इथे १८४८. सर्व्हिस चार्ज १० टक्के छापलाय, म्हणजे १८४८ भागिले १.१, आले १६८०. हे तुमचं घडीत गेलेलं सबटोटल. आता दिसणारे आयटम, पनीर टिक्का ३४०, व्हेज कोल्हापुरी २९०, सहा रोट्या प्रत्येकी ४५ म्हणजे २७०, जीरा राइस २१०, चार सोलकढी ३२०, सगळे मिळून १४३०. उरले २५०, म्हणजे दाल २५० ची, आणि ते २_० मध्ये बरोबर बसतंय. १६८० अधिक १६८ अधिक ९२.४०, झाले १९४०.४०, चाळीस पैसे राउंड ऑफ. हिशोब चोख आहे.

पण नुसती टोटल जुळली म्हणून खूश होऊ नका हां. समजा त्यांनी आधी १६८० वर ८४ जीएसटी लावून मग १७६४ वर १० टक्के सर्व्हिस चार्ज घेतला असता, तरी टोटल १९४०.४० च आली असती, फक्त सरकारचे ८.४० हॉटेलच्या खिशात गेले असते! म्हणून टॅक्सची ओळ बघायची. तिथे ४२ असते तर ४० ने गुणून थेट १६८० आले असते, म्हणजे सर्व्हिस चार्जवर टॅक्सच नाही. (बिलात बियर वगैरे असेल तर ती या हिशोबातून बाजूला काढा, दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट वेगळा लागतो.)

राहिला सर्व्हिस चार्ज. आकडा बरोबर असला तरी तो द्यायलाच पाहिजे असं नाही. ग्राहक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात घालायचा नाही, आणि मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. काढायला सांगाल तेव्हा नुसते १६८ वजा करून दिले तर चालवून घेऊ नका, त्याच्यावरचा ८.४० टॅक्सही गेला पाहिजे, नवं बिल १७६४ चं हवं. पैसे देऊन झाले असतील तर आधी मॅनेजरला हाच फोटो दाखवा, ऐकलं नाही तर १९१५ ला फोन करून तक्रार टाका.