गुडघ्याच्या लिगामेंट शस्त्रक्रियेनंतरचा पहिला व्यायाम-कागद

डिचोलीतल्या तुमच्या फुटबॉलपटू रुग्णासाठी पहिल्या दोन आठवड्यांचा कागद लिहिताना गुडघा पूर्ण सरळ होण्याला सर्वांत वरचे स्थान द्या, कारण वाकणे बहुधा पुढे मिळवता येते, पण राहून गेलेला थोडासा बाक चाल बिघडवतो आणि नंतर हटता हटत नाही.

टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा अधांतरी राहू द्यावा, दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, असे स्पष्ट लिहा. गुडघ्याखाली उशी घेऊ नये, हे घरच्यांनाही सांगा. माया म्हणून तीच आधी दिली जाते.

त्यानंतर मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळणे, दहा वेळा. पाय सरळ उचलताना गुडघा किंचितही वाकत असेल, तर स्नायू अजून तयार नाही. तोवर उचलणे थांबवून आवळणेच चालू ठेवावे. दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली, तर व्यायामाची संख्या निम्मी करावी. पोटरी दुखून सुजली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मेनिस्कसही शिवला असेल, तर वाकवण्याची मर्यादा शल्यविशारदांना विचारूनच कागदावर घाला.