सोहळा रद्द झाल्यास भरपाई: विमा कंपनीला ईमेल लिहिताना

प्रश्न : मोठ्या लग्नाचा विमा काढायचा आहे. ईमेलमध्ये आजवर दिलेल्या आगाऊ रकमा तेवढ्या कळवल्या तर पुरे ना?

पुरे नाही. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. समजा, सभागृहाचे 40, सजावटीचे 30, ध्वनी-प्रकाशाचे 15 आणि छायाचित्रणाचे 15 असा एकूण खर्च 100 आहे. त्यातले आजवर 60 दिले म्हणून आपण 60 चाच विमा उतरवला. सोहळ्याच्या दोन दिवस आधी सभागृहाला आग लागली. सभागृहाच्या मालकाने आपले 40 परत केले, मात्र तोवर बाकीच्यांचे पैसे पूर्ण देऊन झालेले असल्यामुळे 60 बुडाले. नुकसान 60 आणि विमाही 60, म्हणून सगळी भरपाई मिळेल असे वाटते. परंतु पॉलिसीत प्रमाणशीर भरपाईची अट असेल, आणि ती बहुधा असते, तर 100 पैकी 60 चाच विमा होता म्हणून नुकसानीचेही 60 टक्केच, म्हणजे 36 हाती पडतात. म्हणून अंदाजपत्रक बाबवार, पूर्ण खर्चाचे द्यावे. प्रत्येक बाबीपुढे किती दिले, उरलेले कधी द्यायचे आणि रद्द केल्यास किती परत मिळेल, हे लिहावे. खर्च वाढला की सुधारित आकडा लगेच लेखी कळवावा.

प्रश्न : आमचा महोत्सव दोन दिवसांचा आहे. तेवढ्याच तारखा द्यायच्या का?

उभारणीचे आणि आवराआवरीचे दिवसही द्यावेत. रंगमंच आदल्या दिवशी कोसळला तर तो दिवस पॉलिसीच्या मुदतीत होता का, हे आधी पाहिले जाते. ठिकाणाचा पूर्ण पत्ता, जागा बंदिस्त आहे की उघडी आणि कोणते परवाने मिळायचे आहेत, हेही लिहावे.

प्रश्न : मैदान उघडे आहे आणि तिथे पूर्वी पाणी साचले होते. हे सांगितले तर हप्ता वाढेल. सांगावेच का?

सांगावेच. हप्ता वाढेल हे खरे, पण माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट दडवल्याचे उघड झाले तर दावाच नाकारला जाऊ शकतो आणि मग भरलेला हप्ताही कामी येत नाही. उघड्या जागेसाठी हवामानाचे संरक्षण अनेकदा वेगळे मागावे लागते; ते कार्यक्रमाच्या काही दिवस आधी मिळेनासे होते, आणि वादळाचा इशारा आल्यावर तर ते वादळ ज्ञात धोका ठरते. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये ‘प्रतिकूल हवामानाचे संरक्षण हवे आहे’ असे स्पष्ट वाक्य घालावे.

प्रश्न : तिकिटे खपली नाहीत म्हणून कार्यक्रम रद्द केला तर?

भरपाई मिळत नाही. निधी अपुरा पडणे किंवा यजमानांचे मन बदलणे यालाही हेच लागू होते. कारण आयोजकाच्या आवाक्याबाहेरचेच असावे लागते. तसे कारण खरोखर घडले तरीही रद्द झाल्याचे जाहीर करण्यापूर्वी कंपनीला कळवून तिची लेखी संमती घ्यावी, कारण कार्यक्रम पुढे ढकलून किंवा दुसरीकडे हलवून नुकसान कमी करता आले असते का, हा प्रश्न दाव्याच्या वेळी हमखास विचारला जातो.