'लेखाबाबत' असा विषय दिलेला मेल लेखक उघडत का नाहीत?

प्रश्न: पुण्यात एका दिवाळी अंकाच्या संपादन विभागात काम करते. लेखकांना 'लेखाबाबत' किंवा 'अत्यंत तातडीचे' असा विषय देऊन मेल पाठवते, पण बरेच जण दोन-दोन दिवस उघडत नाहीत आणि शेवटी फोन करावा लागतो. मेल न उघडताच काम काय आहे आणि घाई किती आहे, हे कळेल अशी विषयाची ओळ कशी लिहायची?

उत्तर: मीही पुण्यातच प्रकाशन आणि छपाई यांच्यामधल्या समन्वयाचं काम करतो, त्यामुळे सप्टेंबरमधली तुमची धावपळ मला चांगली माहीत आहे. एकच मेल घेऊन त्याचा विषय कसा बदलत न्यायचा, ते सांगतो.

आधी लेखिकेच्या बाजूनं बघा. फोनवरच्या यादीत तिला तीनच गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द. लेख तर तिनं जुलैमध्येच पाठवलेला आहे. आता 'लेखाबाबत' असं दिसलं की तिला वाटतं, पोच आली असेल किंवा आभार मानले असतील. मग ती तो मेल संध्याकाळी निवांत वाचायला ठेवते. यात तिची चूक काहीच नाही. मेल कशाविषयी आहे एवढंच तुम्ही सांगितलंत, तिनं काय करायचं आहे ते विषयात आलंच नाही. 'अत्यंत तातडीचे' याची अडचण उलटी आहे. त्यात घाई आहे, पण कशाची घाई ते नाही. शिवाय बँकेच्या नावानं येणारे फसवे मेलही हेच शब्द वापरतात, त्यामुळे सावध माणूस असा मेल उघडायला कचरतो.

समजा, कात्रजच्या जुन्या नळयोजनेवरचा लेख आहे. मांडणी झाली, प्रूफ निघालं आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नळाच्या कामाचं साल पान ४ वर एक आहे आणि पान ६ वर दुसरं. हा लेख ज्या १६ पानांच्या फर्म्यात आहे, तो शुक्रवारी दुपारी ४ वाजता प्लेटसाठी जाणार आहे. तुमचा मेल साधारण असा असतो: नमस्कार, लेख मिळाला, अंकाचं काम वेगात सुरू आहे, वाचकांना लेख नक्की आवडेल, सोबत प्रूफ जोडलं आहे, सालाबाबत थोडी तफावत दिसते, कृपया पाहून कळवावे, शुक्रवारी फर्मा जाणार आहे. खरं काम सहाव्या वाक्यात आणि वेळ अगदी शेवटी. विषय धूसर राहतो तो बहुतेक इथेच. मेल लिहायला बसतानाच आपण विषयाचा रकाना भरून टाकतो आणि नेमकं काय हवंय ते मागाहून, लिहिता लिहिता आपल्याला उमगतं. म्हणून विषय शेवटी लिहा. मेल पूर्ण झाला की स्वतःला विचारा: यांनी एकच गोष्ट करायची झाली तर ती कोणती? इथे उत्तर आहे, दोनपैकी बरोबर साल कोणतं ते सांगणं. प्रूफ वाचणं हेसुद्धा नाही. ते वाचून झालेलं आहे, अडलंय ते फक्त सालापाशी.

आता ओळ घडवू. पहिला प्रयत्न बहुतेक जण असा करतात:

'आपल्या लेखाच्या प्रूफबाबत'

थोडं पुढे सरकलो, पण तिनं काय करायचं ते अजूनही नाही. दुसरा:

'प्रूफमधील सालाबाबत खुलासा हवा'

काम आलं, वेळ नाही. तिसरा:

'कात्रज नळयोजनेवरील आपल्या लेखातील सालाबाबत शुक्रवार १९ सप्टेंबर दुपारी ३ पर्यंत खुलासा हवा'

कॉम्प्युटरवर ही ओळ उत्तम आहे, सगळं आलं. फोनवर मात्र यादीत साधारण तीस-चाळीस अक्षरंच मावतात, पुढे तीन टिंबं येतात. लेखिकेला 'कात्रज नळयोजनेवरील आपल्या लेखातील सालाबा…' एवढंच दिसेल, म्हणजे पुन्हा 'लेखाबाबत'च. मराठीत लिहिताना हे फार वेळा होतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि मागणी त्याच्याबरोबर शेवटी जाते. म्हणून विषयाच्या ओळीपुरतं वाक्य मोडायचं आणि मागणी पुढे आणायची:

'सालाची खात्री हवी, शुक्र. १९ सप्टें. दुपारी ३ पर्यंत: कात्रज लेख, पान ४ व ६'

आता ओळ कुठेही कापली गेली तरी काय हवंय ते आधी पोचतं, पाठोपाठ कधीपर्यंत ते, आणि कापलं गेलंच तर पान क्रमांक जातात. ते मजकुरात आहेतच. ज्येष्ठ लेखिकेला हे उद्धट वाटेल का, ही शंका येणं साहजिक आहे. 'तपासा', 'पाठवा' असं आज्ञार्थी लिहिलं तर वाटू शकतं. 'हवी', 'हवे' यात आज्ञा नाही, गरज आहे. आदर मजकुरात पुरेपूर दाखवता येतो. विषयात 'कृपया' घातलं तर जागा जाते आणि सांगायचं तेवढं पुढे ढकललं जातं.

वेळेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घाई पोचते ती वेळेतूनच. 'आज', 'उद्या', 'लवकरात लवकर' हे शब्द विषयात नकोत. मंगळवारी रात्री लिहिलेलं 'उद्यापर्यंत' तिनं बुधवारी सकाळी वाचलं तर तिचा उद्या गुरुवार होतो. 'गणपती झाल्यावर' याचा अर्थ तर घरोघर वेगळा: कुणाचे दीड दिवसाचे, कुणाचे पाच दिवसांचे, आणि पुण्यातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लक्षात येतं. ४ वाजता फर्मा जाणार असेल तर ३ लिहा, कारण उत्तर आल्यावर दुरुस्ती करून पान पुन्हा बघायला डीटीपीवाल्याला तेवढा वेळ लागतोच. पण ३ लिहून सोमवारचं उत्तरही चालवून घेणार असाल, तर तशी तारीख देऊच नका. एकदा ती तारीख खोटी ठरली की पुढच्या वेळी तुमची खरी तारीखही लेखक मनावर घेणार नाहीत.

मग 'उत्तर आलं नाही तर काय' हे कुठे? ते मजकुराच्या पहिल्या ओळीत, कारण तिचे सुरुवातीचे शब्दही यादीत दिसतात. 'सस्नेह नमस्कार, आपण कुशल असाल अशी आशा आहे' यात ती जागा संपते. 'नमस्कार ताई, ४ वाजता फर्मा प्लेटला जातो, त्यानंतर बदल करता येणार नाही' असं सुरू करा आणि त्याच दमात दोन्ही सालं लिहून विचारा, कोणतं ठेवायचं. आस्था, आभार, अंकाची खबरबात त्याखाली सावकाश येऊ द्या. लेखिकेला प्रूफची फाइल न उघडता, प्रवासातही एका ओळीत उत्तर देता आलं पाहिजे.

एका मेलमध्ये एकच मागणी ठेवा. साल विचारता विचारता मानधनासाठी बँकेचा तपशीलही मागितला तर कोणता विषय द्यायचा हे तुम्हालाच कळणार नाही, आणि लेखिका सोप्या गोष्टीचं उत्तर देऊन दुसरी विसरेल. बँकेचा तपशील मागणाऱ्या स्वतंत्र मेलच्या विषयात अंकाचं नाव पहिल्यांदा घाला आणि घाईचा शब्द अजिबात वापरू नका. पैसे आणि तातडी एकत्र दिसली की लोकांना फसवणुकीचा संशय येतो, आणि तसा तो यायलाच हवा.

आणखी एक जागा तपासा. तुम्ही बहुधा लेखाच्या निमंत्रणाच्या जुन्याच मेलला उत्तर देत जाता. मग सप्टेंबरमधली सालाची शंकाही 'Re: दिवाळी अंकासाठी निमंत्रण' या मथळ्याखाली जाते आणि तुमची नवी ओळ कुणाला दिसतच नाही. काम बदललं की नवा मेल सुरू करा, किंवा कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये उत्तर लिहिताना नावाशेजारच्या छोट्या बाणावर जाऊन Edit subject निवडा. विषय बदलला की जीमेल त्याची वेगळी साखळी करतं. त्याच शंकेवर बोलणं चालू असेल तर मात्र विषयाला हात लावू नका, नाहीतर आधीची उत्तरं शोधत बसावं लागेल. ज्या मेलला उत्तर नकोच आहे, त्याच्या सुरुवातीला 'माहितीसाठी:' लिहा. हे नियमानं केलंत तर 'हवी' असलेला मेल आपोआप उठून दिसतो.

पाठवण्याआधी मेल स्वतःला पाठवून फोनच्या यादीत बघा, किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला नुसता विषय वाचून दाखवा आणि विचारा, काय करायचंय आणि कधीपर्यंत. दोन्ही सांगता आलं तर पाठवा. ओळ चालते की नाही हे येणाऱ्या उत्तरांवरूनही कळतं. 'प्रूफ मिळाले, छान झाले आहे' असं उत्तर आलं तर मागणी पोचलेली नाही. नुसतं साल आलं तर पोचली.

आणि फर्मा दोन-तीन तासांत जाणार असेल, किंवा लेखिका आठवड्यातून एकदाच मेल बघणारी असेल, तर विषय कितीही नेमका लिहा, उपयोग नाही. आधी फोन करा, साल विचारून घ्या आणि मग 'फोनवर ठरलेलं साल: कात्रज लेख, पान ४ व ६' असा मेल नोंदीसाठी पाठवा.